शंभर ट्रेमागे तीन

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर रीना बोरा यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावापुरतं. सातबारा, जातीचा दाखला, कॉलेजचे अर्ज, लॅमिनेशन असं सगळंच तिथं होतं, आणि नोकरीचा बायोडाटा अर्ध्या तासात मिळतो. सासरे बन्सीलाल पूर्वी याच गाळ्यात कापड विकत. आता ते पुढच्या स्टुलावर बसून येणाऱ्याला आधी ‘किती कॉप्या?’ असं विचारतात, मग काय काम आहे ते विचारतात.

रीनाच्या कॉम्प्युटरवर बायोडाट्याचा एकच नमुना होता. चुलतदिराने दहा वर्षांपूर्वी करून दिलेला. त्यात नाव, पत्ता आणि शिक्षण बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं. त्यामुळे ओतूर, उदापूर आणि आसपासच्या दोन-तीनशे माणसांना वाचनाची आणि क्रिकेटची आवड होती, आणि ती सगळी कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ होती. त्यातली दोन माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, पण ते नमुन्याला माहीत नव्हतं. रीनाला त्यात काही चुकीचं वाटत नसे. लोक घाईत यायचे, एसटी लागलेली असायची.

हा नमुना उघडा पडला तो इंद्रायणीमुळे.

इंद्रायणीचं माहेर निरगुडसर, सासर ओतूरजवळ. भगवंतभाऊंच्या भाजीपाला रोपांच्या नर्सरीत सहा वर्षं कामाला होती आणि गेली चार वर्षं तिथलं सगळं तीच बघत होती. नर्सरी वर्षातले आठ महिने जोरात चालते. उरलेले चार महिने ती दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपायला जायची. मुलगी हर्षाली अकरावीला होती. अशात एका बियाणं कंपनीनं रोपवाटिका सुपरवायझरची जागा काढली, बारमाही. इंद्रायणीनं रीनाकडून बायोडाटा करून घेतला आणि पाठवला. तीन दिवसांनी कंपनीतून मोबाईलवर निरोप आला. ती तो मोबाईल रीनासमोर धरून उभी राहिली.

‘आपल्या भागातून अकरा अर्ज आले आहेत. अकराही एकाच व्यक्तीचे वाटतात. कामांची यादी नको. तुमच्या कामामुळे काय बदललं, ते आकड्यासहित लिहून उद्या पाचपर्यंत पाठवा. मराठीत चालेल.’

रीनानं तो निरोप दोनदा वाचला. मग तिला राग आला, कंपनीचा नाही, स्वतःचा. अकरा माणसं तिनं स्वतःच्या हातानं एकसारखी करून धाडली होती.

“बस,” ती म्हणाली आणि इंद्रायणीपुढे खुर्ची सरकवली. आधीची ओळ पडद्यावर उघडली. ‘नर्सरीत ट्रे भरणे, बी टोकणे, पाणी देणे, मजुरांवर लक्ष ठेवणे.’

“यात चूक काय हाय, ताई?” इंद्रायणी म्हणाली. “समदं खरं हाय.”

“खरं आहे. पण तुझ्या आधीची बाईपण हेच करायची ना?”

“करायची की.”

“मग तुझ्यात आणि तिच्यात फरक काय?”

इंद्रायणीनं विचार केला. “ती लई बोलायची,” ती म्हणाली.

रीनानं हे टाइप केलं नाही.

“तू आल्यावर काय कमी झालं? काय वाढलं? काहीतरी झालंच असेल.”

“आमी काय केलं, ताई. बी चांगलं आलं.” तिची बोलण्याची तऱ्हाच अशी होती. काही चांगलं झालं की ते ‘आमी’ किंवा बियाण्यानं केलेलं असायचं, वाईट झालं तर तिनं.

रीना हट्टाला पेटली. बी टोकल्यापासून गाडी भरेपर्यंत रोज काय काय करतेस ते सांग, म्हणाली. इंद्रायणी सांगत गेली. ट्रेमध्ये कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा, एकेका कप्प्यात एकेक टोमॅटोचं बी, मग ट्रे एकावर एक ठेवून थप्पी लावायची आणि वरून प्लास्टिक गुंडाळायचं. आत ऊब धरते. बी फुटलं की थप्पी उतरवून ट्रे शेडमध्ये मांडायचे.

“फुटलं ते कसं कळतं?”

“पयले समदे वरचा ट्रे बघायचे. मी मधला बघते.”

“का?”

“मधे ऊब जास्त. वरचं फुटंपत्तर मधलं फुटून पिवळं पडतं, दोऱ्यावाणी लांबतं. मग मांडल्यावर मरतं, कप्पे रिकामे ऱ्हातात. म्हणून मी मधला ट्रे वढून बघते. तो फुटला की समदी थप्पी खाली.” हे ती अशा सुरात म्हणाली की जणू भांडी कुठं ठेवते ते सांगत होती.

रीनाचे हात कीबोर्डवरच थांबले. “आणि रिकाम्या कप्प्यांचं काय करता?”

“भरपाई द्यावी लागते ना गिऱ्हाइकाला. जितकी रोपं कमी, तितके वर जादा ट्रे. चलन बुकात भाऊ लिवतात, पन्नास अधिक पाच, असं.”

“आता किती जादा लागतात?”

“लई कमी झालेत.”

“किती?”

“लईच.”

इतका वेळ गप्प असलेले बन्सीलाल स्टुलावरून वळले. “शून्य लिही. वाचणारा खूश होतो. मी चाळीस वर्षं कापडाचा रंग जात नाही म्हणून सांगितलं, एकही माणूस परत आला नाही.”

“पप्पाजी, ते लांबच्या दुकानात जायला लागले,” रीना म्हणाली.

“शून्य नको,” इंद्रायणी म्हणाली. “आषाढात रोपांची एक खेप पुरी वाया गेली व्हती. ती बी माझीच. समोर बसवून इचारलं तर मी काय सांगू?”

आकडा चलन बुकात होता आणि चलन बुकं भगवंतभाऊंच्या घरी. इंद्रायणीनं त्यांना फोन लावला आणि कशाला हवीत हेही सांगितलं. खोटं सांगणं तिच्याच्यानं झालं नसतं. भाऊंनी ते ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला.

“संपलं,” इंद्रायणी म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला भगवंतभाऊ स्वतः आले, मोटारसायकलवर खताच्या पोत्यात बुकं बांधून. आले ते गुश्शात.

“वहिनी, नर्सरी माझी. ट्रे माझे. आकडा हिचा कसा?”

“भाऊ, नर्सरी तुमचीच,” रीना म्हणाली. “हिच्या आधीही तुमचीच होती. तेव्हाचा आकडा आणि आताचा आकडा, दोन्ही बघू. फरक नसला तर काही लिहायचंच नाही.”

हे त्यांना पटलं. फरक नसणार याची त्यांना खात्री होती, कारण रोपं चांगली येतात ती बियाण्यामुळे, हे ते चार वर्षं लोकांना सांगत आले होते. ते बसले. इंद्रायणी दाराशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

रीनानं एकेक पान वाचत आकडे घातले. इंद्रायणीनं कारभार हाती घ्यायच्या आधीचं वर्ष: गिऱ्हाइकांना दिलेले ट्रे सहा हजार दोनशे, वरचे जादा सहाशे ब्याऐंशी. शंभराला अकरा. गेलं वर्ष, आषाढातल्या गेलेल्या खेपेसकट: आठ हजार चारशे, वरचे तीनशे छत्तीस. शंभराला चार.

 बन्सीलालनी स्टूल थोडं जवळ घेतलं.

भगवंतभाऊंनी पडद्याकडे पाहिलं, मग बुकाकडे. मग अचानक त्यांचं बोट एका ओळीवर गेलं. “हे न्हाई धरायचं.”

“का?”

“हे दहा अधिक तीन आमच्या सावळेरामचं. माझा मामेभाऊ. त्यातले तीन भरपाईचे नव्हते.”

“मग कसले?”

“नात्यागोत्याचे.” ते हळूच म्हणाले. “देण्याघेण्याचे, फुकटात दिलेले. धोंडाबाईला कळू नये म्हणून त्याच खान्यात लिवलेत.” धोंडाबाई त्यांच्या पत्नी. नर्सरीचं चलन बुक रविवारी त्या तपासत.

“असे किती आहेत?”

त्यांनी पेन मागितलं. मग पुढचा पाऊण तास भगवंतभाऊ पानं उलटत गेले आणि पाहुणे, व्याही, पुतणे, साडू यांच्या ट्रेंवर बारीक खुणा करत गेले. आपल्या नर्सरीत शंभराला चार ट्रे वाया जातात हे लिहिलेलं त्यांना सोसवत नव्हतं. एकेक खूण करताना त्यांचा राग उतरत होता आणि अंगात जोर येत होता. शेवटी गेल्या वर्षात चौऱ्याऐंशी ट्रे नात्यागोत्याचे निघाले.

“बघा! दोनशे बावन्न! शंभराला तीन! तीनच!”

“मग आधीच्या वर्षातलेही काढू,” रीना म्हणाली.

“ते कशाला? ऱ्हाऊ द्या अकरा.”

“एकाच मापानं मोजायचं, भाऊ.”

कुरकुरत त्यांनी तेही बुक घेतलं. त्यात बासष्ट निघाले. अकराचे दहा झाले. रीनानं जुनी ओळ पुसली आणि नवी लिहिली.

‘थप्पीतला मधला ट्रे तपासून वेळेवर थप्पी उतरवायची पद्धत सुरू केली, त्यामुळे शंभर ट्रेमागे द्यावे लागणारे भरपाईचे ट्रे दहावरून तीनवर आले (गेल्या वर्षी एकूण ८,४०० ट्रे).’

तिनं ती मोठ्यानं वाचली. इंद्रायणी दारातून पुढे आली आणि पडद्याजवळ वाकली. “हे मी केलं?” तिनं विचारलं. समोर तसंच लिहिलेलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि ते रीनानं मुद्दाम पाहिलं नाही.

भगवंतभाऊंनीही ती ओळ वाचली. ओठ हलवत, एकेक अक्षर. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. मघापासून आपण पेन घेऊन काय करत होतो, ते त्यांच्या आता लक्षात आलं.

“वहिनी, हे वाचलं तर कंपनी हिला घेणार.”

“घेईल असं वाटतं.”

“मग ऱ्हाऊ द्या चार. घाई कशाला. बुकं परत एकदा तपासू.”

पावणेपाच वाजले होते. रीनानं घड्याळाकडे पाहिलं. बन्सीलाल मात्र सवयीप्रमाणे म्हणाले, “किती कॉप्या?”

भगवंतभाऊंनी बुकं पोत्यात भरायला घेतली. एक आत टाकलं, दुसरं हातातच राहिलं. ते इंद्रायणीकडे वळले. “चार वर्षं मधला ट्रे वढून बघत व्हतीस. मला का न्हाई सांगितलंस?”

“तुमी इचारलं न्हाई, भाऊ.”

त्यांनी हातातलं बुकही पोत्यात टाकलं. मग पोत्याची गाठ मारली आणि रीनाला म्हणाले, “तीनच ठेवा. खाली चौकशीसाठी माझा नंबर टाका. पाठवा.”

पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला.

आठवड्यानंतर भगवंतभाऊ पुन्हा दुकानात आले. काम काही नव्हतं. बन्सीलालनी कॉप्या विचारल्या, त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“फोन आला व्हता कंपनीचा,” ते रीनाला म्हणाले. “इचारलं, हे लिवलंय ते खरं हाय का. म्हणलं, हाय. इचारलं, ही बाई कशी हाय. म्हणलं, चांगली हाय. सोमवारपासनं बोलावलंय तिला.”

“चांगलं केलंत, भाऊ.”

“व्हय.” ते स्टँडकडे बघत राहिले. नारायणगावची गाडी लागली होती. “शंभर प्रश्न इचारले त्यांनी. आता थप्पी कोन उतरवणार, येवढं मात्र कुनी इचारलं न्हाई.”