पोरी दाखवायच्या हायत

कोरेगावजवळच्या एका गावात आक्काताई बालवाडी चालवायच्या. दारोदार फिरून, आयांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी पोरं जमवली होती. अशात मुंबईहून सरकारी फिल्मवाले आले. पोरं दूध पितानाचं चित्र घ्यायचं, पण आधी आयांना विचारायचं आणि ते विचारणंही फिल्ममध्ये दाखवायचं, असं ठरलं. एक शब्द चुकला तर उद्यापासून बालवाडीत चिटपाखरू येणार नाही, ही धास्ती आक्काताईंना होती.

फिल्मवाल्यांच्या साहेबांनी वाक्य दिलं होतं, "आपल्या पाल्यांच्या चित्रीकरणास आपली संमती आहे काय?"

आया पोरांसह बालवाडीत जमल्या आणि कॅमेरा घरघरू लागला. आक्काताईंनी ते घडाघडा म्हटलं. आयांनी एकमेकींकडं पाहिलं आणि सगळ्या मुंड्या मुकाट हलल्या.

"झकास!" साहेब म्हणाले.

"कसलं झकास? कुणाला काय कळलंय?" आक्काताई करवादल्या. "परत घ्या. मी माझ्या बोलीत विचारते."

पुढच्या रांगेत साहेबांनी हौसेनं मुलीच बसवल्या होत्या. त्यांच्याकडं हात करून आक्काताई म्हणाल्या, "बायांनो, तुमच्या पोरी दाखवायच्या हायत. चालंल न्हवं?"

झालं! हरणाबाई आजी ताडकन उठल्या. "दाखवायच्या? आवं बाई, पाच वर्साची हाय माझी नात! आन् पावनं कुठलं?"

पाव्हणे म्हणून सगळ्यांनी साहेबांकडंच पाहिलं. दोघीतिघींनी पोरी काखोटीला मारल्या. शिकलेल्या बाईनं असं बोलावं? आक्काताईंना स्वतःचाच राग आला.

त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "लग्नाचं न्हाई वं! चुकलं माझं. नीट सांगते. तुमची लेकरं दूध पित्यात, त्याचं चित्र काढायचं हाय. ते गावोगावी पडद्यावर लोकं बघतील. काढू का? नको वाटलं तर नको म्हना. दूध तसंच मिळंल, पटावरचं नावबी तसंच ऱ्हाईल."

मघाशी सगळ्यांत जोरात मान हलवणारी मुक्ताबाई म्हणाली, "मंग माझीचं नको. दिष्ट लागती तिला लगीच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मुक्ताबाईची पोर सगळ्यांत गोड हसायची. पण आक्काताईंनी तिला उचलून कॅमेऱ्यामागं बसवलं आणि पहिला पेला तिलाच दिला.

ते पाहून बाकीच्या आयांचा जीव भांड्यात पडला. नको म्हटलेलं इथं ऐकतात तर! मग एकेकीनं तोंडानं होकार दिला आणि पदरानं पोरांची नाकं पुसली. आक्काताईंना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

कॅमेरा सुरूच होता. हरणाबाई मात्र तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या.

"आजी, पदर काढा की," साहेब म्हणाले.

"पोरांचं इचारलंसा. मला कुणी इचारलं?"

साहेबांनी आक्काताईंकडं पाहिलं. त्यांनी 'विचारा' म्हणून मान हलवली. मग साहेब घसा खाकरून आजींसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आजी, तुम्हाला... म्हंजे तुमचं... दाखवू का?"

"मला? आता ह्या वयात?" आजी म्हणाल्या. "घरात इचारून सांगते."