साडेसात टक्के

ताई गेली तेव्हा तिच्याकडून घेतलेल्या कर्जाचे सात हप्ते माझ्याकडे बाकी होते.

लेकीच्या खारघरच्या कॉलेजची फी भरायला मला दोन लाख चाळीस हजार कमी पडत होते. ताईची तेवढ्याच रकमेची मुदतठेव नेमकी पुरी झाली होती. भावजींच्या माघारी ठेवींच्या व्याजावरच तिचं पनवेलचं घर चालायचं. तिला झळ लागू न देता पैसे कसे घ्यावेत, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

"सख्ख्या भावाकडून व्याज घेऊ?" ती वाटाणे सोलत म्हणाली.

"मग महिन्याचे दीड हजार कुठून आणशील?"

"बरं, पाच टक्के दे. महागाई साधारण तेवढीच आहे. माझ्या पैशाची किंमत उतरली नाही म्हणजे झालं."

"बँक तुला साडेसात देते. मला कर्ज बारानं मिळतंय. साडेसात दिले तर तुझं काही जात नाही आणि माझेही वाचतात."

"पुस्तकं वाचून वाचून हट्टी झालायस," असं म्हणून तिनं मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता लिहून नेला. चोवीस महिने, दरमहा दहा हजार मुद्दल आणि दीड हजार व्याज. ताईनं चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे माझे किती उरतील?"

"दहा हजार."

"आणि व्याज दोन लाख चाळीस हजारांवर? अरे मास्तरा, परत आलेले पैसे मी बँकेत ठेवणार, त्यावर बँक व्याज देणार. तेच पुन्हा तुझ्याकडून घेऊ?"

मला खरंच सुचलं नव्हतं. तक्ता पुन्हा लिहिला, उरलेल्या रकमेवरच व्याज धरून. पहिल्या महिन्याला दीड हजार, मग दर महिन्याला साडेबासष्ट रुपये कमी. एकूण व्याज छत्तीस हजारांवरून अठरा हजार सातशे पन्नासवर आलं. तिनं दोन्ही प्रतींवर सही केली आणि एक ठेवून घेतली.

दर एक तारखेला मी हप्ता घेऊन जायचो. ती पेन्सिलीनं खूण करायची, मग चहा टाकायची. सतरा खुणा झाल्या.

ताईच्या तेराव्यानंतर भाचा म्हणाला, "मामा, उरलेलं राहू द्या. आईनं मागितलं नसतं."

"मागितलं नसतं. पण तक्त्यावर तिची सही आहे."

अठराव्या हप्त्यापासून मी भाच्याकडे पैसे द्यायला लागलो. तो ताईच्याच प्रतीवर, त्याच पेन्सिलीनं, खूण करायचा.

शेवटचा हप्ता दहा हजार साडेबासष्ट रुपयांचा. त्या दिवशी भाच्यानं खूण केली आणि मी निघायला चपला घातल्या, तेव्हा कागद माझ्यापुढे धरला. खाली समासात ताईचं बारीक अक्षर होतं, बहुधा सही केली त्याच दिवशीचं: 'या दिवशी जेवायला थांबवणे. जिताड्याचं कालवण.'

"मामीला आणि तुमच्या लेकीलाही बोलावलंय," भाचा म्हणाला. "मासे सकाळीच करंजा बंदरावरून आणलेत."

मी चपला पुन्हा काढल्या.