गोजाबाईची पंगत

गोजाबाईच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, असं बाळीवेशीकडची माणसं अजून सांगतात. सांगू द्या. त्या एका गुणानं तिचं काय केलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

ती मूळची मंद्रूपची. नवरा गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला. पोटी मूलबाळ नाही. मग अनाथ मुलांच्या एका लहानशा आश्रमात ती स्वयंपाकाला लागली आणि तिथलीच होऊन गेली. आश्रम म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि वीस-बावीस पोरं. त्यातली निंगव्वा अंगावर पिणारी असताना आली होती. तिला गोजाबाईनं आपल्या कुशीत वाढवलं. तसं तिला सगळीच पोरं सारखी होती म्हणे, पण भाकरीचा पापुद्रा कुणाच्या ताटात पडायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्वारी बघायला मिळेना. रेशनवर परदेशातली लाल मिलो यायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. पोरांना सकाळ-संध्याकाळ तीच मिलो आणि पाण्यासारखी आमटी. आश्रमाचे चिटणीस बसलिंगप्पा गुरुजी पावतीपुस्तक घेऊन पेठापेठांतून फिरायचे, पण त्या वर्षी गावात पावतीपुस्तकांचाच सुकाळ होता. चाराछावणीची पावती, अन्नछत्राची पावती, देवळाची पावती. गुरुजी दिसले की दुकानदार आत निघून जायचे.

शेवटी मंडळाची बैठक बसली. वर्गणी सोडून दुसरं काहीतरी करायचं ठरलं. एकजण म्हणाला, नाटकाचा प्रयोग लावू. गुरुजींनी हात जोडले. मागच्या खेपेला लावला होता की! थिएटरचं भाडं, कंपनीची बिदागी, मंडळींचं चहापाणी, आणि करमणूक कर माफ व्हावा म्हणून कलेक्टर कचेरीत घातलेले हेलपाटे. सगळं वजा जाता हाती धुपाटणं आलं होतं. दुसऱ्यानं चादरींचा लिलाव सुचवला. चादरी देणार कारखानदार आणि बोली लावणारेही तेच, मग ते कशाला लावतील? कुस्त्यांचं निघालं, तर पैलवानांनाच खुराक मिळेना.

तेव्हा गुरुजींनी आपल्या मनातलं काढलं. "तीस माणसांना जेवायला बोलवू. ताटाचे थोडे पैसे घेऊ. पोरांच्या पंगतीत बसवायचं, पोरांच्याच पोचे गेलेल्या जर्मनच्या ताटल्यांत वाढायचं, आणि पोरं खातात तेच वाढायचं. भाषण नाही, हार नाही. जेवून उठले की दाराजवळ फळा. फळ्यावर पोरांची नावं. ज्याला वाटेल त्यानं एका पोराचं वर्षभराचं जेवण आपल्याकडं घ्यायचं."

बेत सगळ्यांना पटला, कारण तो खरोखर चांगला होता. खर्च जवळजवळ नाहीच.

आणि तो फसला तर काय, तेही त्याच बैठकीत ठरलं. ज्या पोरांना लांबचं का होईना नातेवाईक आहे, त्यांना तिकडं धाडायचं. निंगव्वाला मैंदर्गीत एक मामा होता.

गुरुजी चुलीपाशी येऊन म्हणाले, "गोजाबाई, रविवारी पाहुणे येणार. पण रोजचंच करायचं बरं का. मिलोची भाकरी आणि आमटी. वेगळं काही नको."

"व्हय," गोजाबाई म्हणाली.

म्हणाली खरी, पण तिच्या डोक्यात ते शिरेचना. पाहुणा पैसे देऊन जेवायला येतो आणि त्याच्यापुढं मिलो? पेठेतले शिवलिंगप्पा आडते येणार, त्यांची मालकीण येणार. त्यांच्या घासाला ती लाल भाकरी अडली तर आश्रमाची अब्रू काय राहिली? गुरुजी बिचारे, पैसे नाहीत म्हणून असं बोलतायत. माणूस पोटभर जेवला, तृप्त झाला, की त्याचा हात आपोआप सैल सुटतो, हे तिला आईनं शिकवलं होतं. निंगव्वाचं नाव कुणीतरी घ्यायचं असेल तर जेवण असं व्हायला पाहिजे की पाहुणा बोटं चाटत फळ्यापाशी जाईल!

तिच्याकडं आईचे चांदीचे तोडे होते, तेवढीच तिची इस्टेट. ते तिनं मोडले. मागतील त्या भावानं शाळूची ज्वारी आणली, शेंगदाणे, गूळ, तूप, वांगी आणली. गुरुजी पाहुण्यांना आणायला चौकात गेले, आणि पंगत बसली तेव्हाच त्यांनी ताटं पाहिली. पांढरीशुभ्र भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी आणि तुपात भिजलेली शेंगापोळी. गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला. गोजाबाईला वाटलं, म्हातारा हरखला.

पाहुणे जेवले, आणि काय जेवले! "व्वा, बाई, व्वा!" शिवलिंगप्पा दोनदा म्हणाले. समोरच्या ओळीतली पोरं मात्र मान वर करीत नव्हती. निंगव्वानं ताटली चाटून पुसून काढली आणि मग तळहात चाटायला लागली. आडत्यांची मालकीण सुंदरम्मा तिच्याकडं बघत राहिली. तिचा घास हातातच थांबला.

"का हो बाई," ती हळूच म्हणाली, "खरं सांगा. ही पोरं रोज हेच खातात का?"

अहो, देवानं दार उघडून धरलं होतं! एक शब्द पुरे होता. गुरुजींनी तोंड उघडलंही होतं. पण गोजाबाईचं आयुष्य झाकपाक करण्यात गेलेलं. घरात नाही हे पाहुण्याला कळू द्यायचं नाही, हेच तिला येत होतं.

"व्हय की अक्का," ती हसून म्हणाली. "आमच्या पोरांना काय बी कमी न्हाय."

सुंदरम्मानं सुटकेचा श्वास टाकला आणि घास तोंडात घातला. हात धुताना कुणीतरी म्हणालं, "आमच्या घरीसुद्धा हल्ली मिलो शिजते हो. इथं बरं आहे." दाराजवळचा फळा सगळ्यांनी कौतुकानं वाचला. खडू कुणी उचलला नाही.

माणसं गेल्यावर गुरुजी पडवीत मटकन बसले. "गोजाबाई," ते म्हणाले, "तो घास त्यांच्या घशात अडकायला हवा होता. मागणं आपण मागणार नव्हतो, ती भाकरी मागणार होती." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गोजाबाई चुलीपुढं बसली आणि तिला रडूसुद्धा येईना.

गावात बोलवा व्हायला किती वेळ लागतो? आश्रमात तुपाची धार असते म्हणे! दर महिन्याला पायली धान्य देणारे होते, त्यांनीही हात आखडला. मग ठरल्याप्रमाणे पोरं एकेक करून जाऊ लागली.

निंगव्वाचा मामा गुरप्पा आला. माणूस वाईट नव्हता, पण कोरडा होता. "बायको खडी फोडायला जाती," तो म्हणाला. "लेकरू सांभाळायला कुणीतरी पायजेच की." सडकेच्या कामावर उन्हात तान्हं घेऊन बसायला निंगव्वा चालली होती.

एस.टी. स्टँडवर गोजाबाईनं पोरीच्या हातात फडक्यात बांधलेली मिलोची भाकरी दिली. गुरप्पानं फडकं उकलून बघितलं. "हे काय? गावात तर म्हणत्यात, तुमच्यात लई चांगलं खायला असतंय."

गोजाबाईनं तोंड उघडलं. या खेपेला खरं सांगायचं होतं, सगळं सांगायचं होतं. पण निंगव्वाच पुढं झाली. तिनं गोजाबाईचा पदर धरला, मामाकडं पाहून हसली, अगदी गोजाबाई त्या दिवशी हसली होती तशी, आणि म्हणाली, "व्हय की मामा. आमी रोज पोळी खातो. आमाला काय बी कमी न्हाय."

गुरप्पानं तिचा हात धरला आणि तिला गाडीत चढवलं.