पाणी न पिणारं मांजरपाट

आमच्या गावात जुनी चिंधीसुद्धा कुणी कुणाला देत नसे. त्यात कंजूषपणा नव्हता, भीती होती. आटपाडीच्या पुढच्या त्या कोरड्या पट्ट्यात घरोघरी असं मानत, की अंगावरच्या कापडाचा तुकडा परक्याच्या हाती लागला की तो घालणाऱ्यावर करणी होते. दोरीवरचे कपडे बायका दिवेलागणीच्या आत मोजून घरात घेत. माझी आई तर त्या बाबतीत फौजदारच. माझ्या आधी झालेल्या तिच्या मुलाचं झबलं दोरीवरून नाहीसं झालं, आणि पाठोपाठ तो तापानं गेला. तो तापानं गेला की झबल्यानं, हा विषय तिच्यापुढं काढायची घरात कुणाची टाप नव्हती.

अशा गावच्या शाळेत सांगलीहून सायन्सच्या नव्या बाई आल्या. एकट्या राहायच्या, चष्मा लावायच्या, विहिरीवर कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. गावानं त्यांच्याकडं आधीच तिरक्या नजरेनं बघायला सुरुवात केली होती. आणि एक दिवस त्या आम्हा नववीच्या वर्गाला म्हणाल्या, "उद्या येताना घरून जुन्या कापडाचा एकेक तुकडा आणा. सुती, लोकरी, पॉलिस्टर, जे मिळेल ते." झालं! संध्याकाळी पाण्याला जमलेल्या बायकांत दुसरा विषय नव्हता.

"चिंध्या कशाला पायजेत गं तिला?" आईनं मला विचारलं.

"प्रयोग हाय. कुठलं कापड पाणी किती पितंय आन् किती येळात वाळतंय ते बघायचं."

"कापड पाणी पितंय ते बघाया शाळा कशाला लागती? आमी रोज धुतोय की! त्वा गप कोरा तुकडा ने दुकानातला. घरातलं वापरलेलं कापड भाईर जायाचं न्हाई, सांगून ठेवती."

दुकान आमचंच होतं, वडिलांचं कापडाचं. लहानसं, पण गावाला तेवढंच. वडिलांनी मांजरपाटाच्या नव्या ताग्यातनं चौकोनी तुकडा कातरून दिला. ते मांजरपाट कोरं होतं, जाडंभरडं, पिवळसर, हातात कडक लागणारं. बाकीच्या घरांतही आयांनी हेच केलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात जुनं कापड कुणीच आणलं नव्हतं. कुणी शिंप्याकडची कातरणं आणली, कुणी हात हलवत आलं. एका धनगराच्या मुलीनं मात्र वापरातल्या घोंगडीचा कोपरा आणला होता. घोंगडीला कसली बाधा लागत नाही, असं तिच्या घरी मानत.

बाईंनी तीन तुकडे निवडले. माझं मांजरपाट, घोंगडीचा तुकडा, आणि शिंप्याकडचं निळं टेरिलीन. टेरिलीन म्हणजेच पॉलिस्टर, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिन्ही तुकडे सारख्या मापाचे कापले, तराजूत कोरडे तोलले. घोंगडी जाड, म्हणून तिचं वजन जास्त. बाई म्हणाल्या, "नुसतं किती पाणी घेतलं ते बघायचं नाही. आपल्या वजनाच्या मानानं किती घेतलं, ते बघायचं." मग त्यांनी फळ्यावर आधीच लिहून टाकलं, की सुती कापड भरपूर पाणी पिईल, लोकर सुरुवातीला नखरे करील पण नंतर पोटभर पिईल, आणि पॉलिस्टर सगळ्यात कमी पिऊन सगळ्यात आधी वाळेल.

घोंगडीवर टाकलेला थेंब वर मोत्यासारखा बसून राहिला. धनगराची मुलगी म्हणाली, "म्हून तर पावसात पांघरतोय." ती पाण्यात दाबून धरली तेव्हा मात्र तिनं असं पाणी घेतलं, की वर काढताना बाईंच्या मनगटावरून ओघळ गेले. टेरिलीननं जेमतेम धाग्यांच्या फटीत बसेल एवढं पाणी घेतलं. इथवर फळ्यावर लिहिल्याप्रमाणं झालं.

मग माझं मांजरपाट पाण्यात सोडलं. ते तरंगलं! बाईंनी बोटानं खाली ढकललं तर पुन्हा वर आलं. ठरलेला वेळ संपल्यावर काढलं, थेंब निथळू दिले, तोललं, तर टेरिलीनच्या बरोबरीनंसुद्धा पाणी प्यायलं नव्हतं.

"ह्यात नायलॉन हाय," मागच्या बाकावरून पाटलाची मुलगी म्हणाली. तिच्या वडिलांच्या सदऱ्याचं कापड आमच्याकडचं. तो सदरा पहिल्या धुण्यात आटला होता, आणि तेव्हापासून त्या घराची आमच्यावर वाकडी नजर होती. "सुती म्हून इकत्यात आन् आत भेसळ करत्यात."

"तुजं त्वांड सांभाळ!" मी उठलेच. बाईंनी मला खाली बसवलं. कापडाचा एक धागा उसवून त्यांनी काडीनं पेटवला. तो कागदासारखा भुरकन जळला, मागं राख उरली. टेरिलीनचा धागा पेटवला तर त्याची वितळून काळी गोळी झाली. "हे सुतीच आहे," बाई म्हणाल्या. "कोऱ्या कापडाला मागावर लावलेली खळ असते, कापसाचं स्वतःचं मेणही असतं. धुऊन धुऊन ते गेलं की मग कापड पाणी पितं. म्हणून मी जुना तुकडा मागितला होता."

हे ऐकून संशय फिटायला हवा होता. पण आमचं गाव ते! त्यांनी त्यातलं 'मेण' तेवढं उचललं. रात्रीच्या जेवणाआधी गावभर झालं, की कापडवाला मेण चोपडून कापड विकतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो तुकडा घरी सोडा घालून चांगला उकळून आणला. आता तो पाण्यात टाकताच बुडाला. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच पाटलाची मुलगी म्हणाली, "कालचा तुकडा ह्योच कशावरनं? रातीत बदलला आसंल." बाईंचा चेहरा पडला. आता त्यांच्यावरही संशय, माझ्यावरही. खरं सांगते, मला तिची वेणी धरून ओढाविशी वाटली.

दुकानात तर लोकांनी तमाशाच मांडला. आलेलं गिऱ्हाईक आधी बोट तोंडात घालून ओलं करी आणि ताग्यावर टेकवून बघे. एक म्हातारा चक्क पाण्याचा तांब्या घेऊन आला. कोऱ्या कापडावरून पाणी घरंगळून गेलं, त्यानं वडिलांकडं एकदा बघितलं आणि काही न घेता उठला. वडील वाद घालणारे नव्हते. ओला झालेला तागा त्यांनी पुसला, घडी घातली.

"ह्या गावाला मी बाळंत्याचं कापड दिलंय, मयताचं दिलंय," ते रात्री आईला म्हणाले. "मेल्या माणसाच्या कापडात मी भेसळ करीन व्हय?" वडिलांना रडवेलं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला त्या साऱ्या गावाची चीड आली.

मी आईला म्हणाले, "आई, ह्याच मांजरपाटाची बाबांची जुनी बंडी हाय. समद्यांच्या म्होरं तिचा तुकडा भिजवला की झालं."

"काय बोलतीयास कळतंय का?" आई कडाडली. "घरधन्याच्या अंगातली बंडी? घाम मुरलाय तिच्यात. त्या बाईच्या हातात दिऊ? तिचं काय ठावं हाय आपल्याला?"

बोलून उपयोग नव्हता. दुसऱ्या घरून तुकडा मिळण्याचीही आशा नव्हती, साऱ्या आयांची गत एकच.

दुसऱ्या दिवशी सायन्सचा तास सुरू झाला आणि वर्गाच्या दारात आई उभी. डोक्यावरून पदर, काखेत गुंडाळी केलेली बंडी, हातात दुकानातल्या ताग्याचा कोरा तुकडा. ती शाळेत कधीच आली नव्हती. बाई पुढं झाल्या, तर ती बंडी छातीशी धरून मागं सरकली.

"ही आमच्या मालकांची हाय. त्याच मांजरपाटाची. कातर तुमी धरायची न्हाई, मी कापती. आन् तुकडा माज्या नजरेआड व्हायला नगं."

बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी कात्री आईच्या हातात दिली. आईनं बंडीचं टोक कापलं. कापताना तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी. बंडीचा तुकडा आणि ताग्यातला कोरा तुकडा, दोन्हींची वीण बाईंनी पाटलाच्या मुलीलाच जवळ बोलावून दाखवली. मग दोन्ही तुकडे शेजारी ठेवून दोन्हींवर एकेक थेंब टाकला. कोऱ्यावरचा थेंब तसाच बसून राहिला. बंडीवरचा थेंब पडल्या पडल्या आत गेला आणि ओला डाग पसरत चालला. पाण्यात सोडली तर चिंधी सरळ बुडाली. तोलली, तर आपल्या वजनाच्या मानानं टेरिलीनच्या कितीतरी पट पाणी प्यायली होती.

"म्हंजी आमच्या आबांचा सदराबी..." पाटलाची मुलगी अर्धवटच बोलली.

"तुझ्या आबांच्या सदऱ्याचं कापड शिवायच्या आधी भिजवून आटवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच."

त्या पोरीनं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, बरी जिरली!

मग टेरिलीन आणि घोंगडीही पुन्हा भिजवून, चिंधीसकट तिन्ही तुकडे व्हरांड्यात सावलीला दोरीवर टांगले. आई खांबाला टेकून खाली बसली ती हललीच नाही. टेरिलीन मधल्या सुट्टीतच वाळलं. बंडीची चिंधी दुपार कलल्यावर कोरडी झाली. घोंगडीचा तुकडा शाळा सुटली तरी ओलाच होता. जाता-येता पोरं आईकडं बघत होती, आई दोरीकडं. एकदा वारा आला आणि चिंधी हलली, तेव्हा ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

शाळा सुटल्यावर बाईंनी चिंधी काढली आणि दोन्ही हातांनी आईपुढं धरली. "ही घ्या. सगळ्यांनी बघितलं, आता घरी घेऊन जा."

आईनं ती घेतली. बोटांत चोळून बघितली. मला वाटलं, आता पदरात बांधणार आणि चालायला लागणार.

"फुडल्या वरसाच्या पोरी बी हेच करणार न्हवं का?" तिनं विचारलं.

"हो, दर वर्षी."

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," आई म्हणाली, आणि तिनं ती चिंधी बाईंच्या हातात परत ठेवली.

त्या रात्री तिनं वडिलांवरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. वडील म्हणाले, "आगं, मला काय झालंय?" तर म्हणाली, "गप बसा." दुकानात पुन्हा माणसं येऊ लागली. मी मॅट्रिक होईपर्यंत मात्र रोज शाळेतून आल्यावर, दप्तर ठेवायच्या आधी, तिचा एकच प्रश्न असे.

"हाय का गं जाग्यावर?"

"हाय, आई. सायन्सच्या कपाटात हाय."

"आसू दे," म्हणायची, आणि दोरीवरचे कपडे मोजायला जायची.