त्यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न

माझ्या नवऱ्याने मला कधीच सुंदर म्हटलं नाही.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं. मी सांगते आहे, नात मोबाईलवर टाइप करते आहे. नव्वदी ओलांडलेल्या बाईची पोस्ट आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव मळवली. वडील रेल्वेत, म्हणून आम्ही लोणावळ्याला क्वार्टरमध्ये राहायचो. मी शिवण शिकले होते. तुंगार्लीच्या बंगल्यांतल्या बायका माझ्याकडे कपडे शिवायला टाकायच्या.

मी देखणी होते. आता सांगायला हरकत नाही.

पण देखणं असण्यात एक एकटेपणा असतो. माणसं तोंडाकडे बघतात आणि तिथेच थांबतात.

लढाईचे दिवस होते. कापडावर सरकारी कंट्रोल, मोजूनच मिळायचं. जुन्या लुगड्याचा काठ आणि थोडं जाडंभरडं निळं कापड, एवढ्यावर मी एक पोलकं शिवलं. काठ कुठे लावायचा यावर दोन दिवस घोळले. शेवटी बाहीला न लावता गळ्याला लावला.

ते घालून हळदीकुंकवाला गेले. बायका म्हणाल्या, "कुसुम काय, काहीही घातलं तरी छान दिसते."

काहीही!

मी असं 'काहीही' घातलेलं नव्हतं. पण हे सांगणार कुणाला?

हे कामशेतचे. घरचा तांदळाचा धंदा. लोणावळ्याच्या घरांमध्ये आंबेमोहोर पोचवायला यायचे. एकदा आमच्या दारात पोतं उतरवलं आणि खाली मान घालून म्हणाले,

"तुमचं पोलकं लय छान हाय."

मी विचारलं, "काय छान आहे त्यात?"

त्यांचे कान लाल झाले. मग खरं ते सांगून टाकलं. मित्राने शिकवलं होतं, तिच्या रूपाचं सगळेच बोलतात, तू कपड्याचं बोल, म्हणजे तिच्या लक्षात राहशील.

मी आत निघून गेले. राग आला नाही, वाईट वाटलं. क्षणभर मला वाटलं होतं, कुणाला तरी खरंच दिसलं.

पुढच्या खेपेला आले तेव्हा मी अंगणात धुणं वाळत घालत होते. ते पोलकं दोरीवर होतं. आई दारात तांदूळ मोजून घेत होती.

ते दोरीकडे बघत राहिले. माझ्याकडे नाही. मग म्हणाले,

"काठ उलटा लावलाय तुमी. झिजलेली कड आत घेतलीय. आमच्या कामशेतच्या शिंप्याला इचारलं, तो म्हनला असं करायला लय येळ लागतो."

मग त्यांनी पोलक्याच्या खांद्याकडे बोट केलं.

"डाव्या खांद्याला जोड दिसतोय. कापड कमी पडलं का?"

"पडलं," मी म्हटलं.

"मग झाकला का न्हाई?"

"झाकला असता तर तिथे जाड झालं असतं. खांद्याला टोचलं असतं."

त्यांनी मान हलवली. "म्हंजी इचार करून ठेवलाय," एवढंच म्हणाले. पैसे घेतले आणि गेले. माझ्या उत्तराची, हसण्याची, कशाचीच वाट बघत थांबले नाहीत.

मी किती तरी वेळ त्या पोलक्यासमोर उभी होते. मी त्यात नव्हते. तरी पहिल्यांदाच कुणीतरी मला पाहिलं होतं.

त्याच सुमारास पुण्याचं एक मोठं स्थळ आलं. बघायला आलेली मंडळी खूश. मुलाची आई माझा हात हातात घेऊन म्हणाली, इतक्या सुंदर हातांनी मशीन कशाला चालवायचं, आमच्याकडे काही करावं लागणार नाही.

घरात आनंदीआनंद. मी मात्र वडिलांना सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. कामशेतच्या घरी विचारा.

वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलं. आई जेवायला वाढायची, पण नजर वर करायची नाही. त्या घरात मी महिनोन्‌महिने पाहुण्यासारखी राहिले. शेवटी मामा मध्ये पडला. लग्न झालं. वडील अक्षता टाकून लगेच ड्यूटीला गेले. पुढे बोलायला लागले, पण पूर्वीसारखे नाही.

हे काही प्रेमळ बोलणारे नव्हते. नवीन काही शिवलं की हातात घेऊन उलटं करायचे, आतली बाजू बघायचे, आणि विचारायचे, "हे असं का केलं?" नाही आवडलं तर तेही सांगायचे. म्हणून आवडलं म्हणाले की मला ते खरं वाटायचं.

चेहरा गेला, केस गेले. प्रश्न सुरूच राहिले.

या वर्षभरात लोक येतात. म्हणतात, आजी, या वयातही किती फ्रेश दिसता! चांगल्या मनाने म्हणतात. मी हसते. मग ते जातात आणि घर परत तसंच होतं.

शेवटच्या आजारपणात त्यांच्या अंगावर मी शिवलेली गोधडी होती. बोटांनी कड चाचपत होते. म्हणाले,

"कडेची पट्टी तिरकी कापलीस. का?"

मी सांगणार तेवढ्यात डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं. हे झोपले ते पुन्हा बोलले नाहीत.

तेव्हा राहिलेलं आज सांगते.

अहो, सरळ कापलेल्या पट्टीत कडेचा एकच धागा सगळं घासणं सोसतो. तो तुटला की कड उघडी पडते. तिरकी कापली की तेवढंच ओझं पुष्कळ धागे वाटून घेतात. म्हणून टिकते.

एवढंच होतं.

या आता, निश्चिंतपणे निघा. तुमच्या कुसुमचा नमस्कार.