म्हाताऱ्यासाठी अकरा शिंका

इथे दक्षिण गोलार्धात नोव्हेंबरात वसंत असतो, गवत फुलतं आणि माझं नाक वाहायला लागतं. त्या वर्षी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती, म्हणून या आजाराला धार्मिक बाजूही मिळाली. मी किल्ली घेऊन दाराशी पोचले की शिंक येई, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणे, "थांब. बस दोन मिनिटं. पाणी पी."

"आई, ही परागकणांची शिंक आहे."

"शिंकेला काय कळतं, कशामुळे आली ते? बस."

मी बसे. दुसरी शिंक आली की घड्याळ पुन्हा शून्यावर. एका प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात मी पशुवैद्यकीय परिचारिका आहे. तिथे मी आठवडाभर रोज उशिरा पोचत होते, आणि कारण कुणाला सांगण्याजोगं नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे म्हातारा होता. म्हातारा म्हणजे आफ्रिकेतला जंगली कुत्रा. आपल्याकडच्या कोळसुंद्यांचा लांबचा नातेवाईक, पण कान बशीएवढे गोल आणि अंगावर काळे, पिवळे, पांढरे शिंतोडे, जणू रंगपंचमीला कुणी पकडून रंगवलेला. दाढेखाली पू झाला म्हणून आम्ही त्याची दाढ काढली आणि नऊ दिवस त्याला कळपापासून दूर ठेवलं. जखम भरली. पंचाईत त्यानंतर सुरू झाली. हे प्राणी कळपाशिवाय जगू शकत नाहीत, आणि मधे काही दिवस दूर गेलेल्याला कळप परत घेईलच असं नसतं. कधीकधी फाडतात. त्यातून हा मानाच्या उतरंडीत अगदी तळाशी. दुसरीकडे पाठवावं, तर या वयाच्या कुत्र्याला कोण घेणार?

आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी बैठक घेतली. पडद्यावर चौकोन आणि बाण होते, आणि प्रत्येक बाण शेवटी त्यांच्याच चौकोनात जात होता. ठरलं ते असं: म्हाताऱ्याला कळपाशेजारच्या आवारात, जाळीआड ठेवायचं. शुक्रवारपर्यंत कळपाने त्याला आपलं मानल्याचं दिसलं, तर दार उघडायचं. नाही दिसलं, तर कायमचं झोपवायचं इंजेक्शन. सिरिंज भरायचं काम माझं. ते कुणी बोललं नाही, कारण ते नेहमीच माझं असतं.

"आपलं मानल्याचं म्हणजे काय दिसायला हवं?" त्यांनी विचारलं.

कुत्र्यांची देखभाल करणारी बाई तिथे होती, पन्नाशीची, इथल्या मूळच्या माओरी लोकांतली, भर थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला घालणारी. ती म्हणाली, "तो उठला की ते उठतात का, बघायचं. आणि शिंका मोजायच्या."

नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

"हे बघा, एक मत पडलं," ती म्हणाली. अधिकारी सोडून सगळे हसले.

शिंका मोजायचं ती थट्टेत म्हणत नव्हती. शिकारीला निघण्याआधी ही कुत्री जमतात, माना खाली घालून एकमेकांना ढुसण्या देतात, शेपट्या हलवतात, आणि अधूनमधून नाकातून फट्‌कन हवा सोडतात. बोट्स्वानातल्या कळपांवर नजर ठेवणाऱ्या संशोधकांना दिसलं, की शिंका जितक्या जास्त, तितका कळप निघण्याचा संभव जास्त. कळपाच्या प्रमुख जोडीने पुढाकार घेतला तर तीनेक शिंकांत काम होतं. खालच्याने घेतला तर दहाच्या आसपास लागतात. एकदा प्रयत्न फसला तरी पुन्हा करता येतो, आणि तिसऱ्या खेपेला जमण्याची शक्यता पहिल्यापेक्षा बरीच जास्त असते.

"आमच्यासारखंच," बैठकीनंतर तिने दाराकडे डोळे वळवून म्हटलं. "साहेबांचं तीन शिंकांत होतं. मला दहा लागतात."

मला मात्र हे 'मतदान' वगैरे जरा जड वाटलं. नुसतं नाक साफ करत असतील, निघायच्या आधी आपण घसा खाकरतो तसं. संशोधकही हे ठामपणे सांगत नाहीत. पण सिरिंज माझ्या हातात येणार होती, म्हणून मीही मोजायला बसले.

बुधवारी कुणी ढुंकून पाहिलं नाही. गुरुवारी म्हातारा उठला, जाळीपर्यंत आला, मान खाली घातली. दोन तरुण नर आले, शेपट्या हलल्या, चार शिंका झाल्या आणि सगळे परत उन्हात जाऊन पडले. अधिकाऱ्यांनी वहीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही.'

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती वरणाला फोडणी देत होती.

"शिंकल्यावर निघतात?" तिने विचारलं. "थांबत नाहीत?"

"निघतात."

"उलटंच आहे सगळं तुमच्या या देशात." तिने फोडणी वरणात ओतली. ताट वाढताना म्हणाली, "उद्या मी येते. तुझं नाक चोंदलेलं, तुला काय ऐकू येणार?"

शुक्रवारी आई शाल पांघरून, साडीखाली बूट घालून जाळीसमोरच्या बाकावर बसली. "किया ओरा, आंटी," देखभालवालीने तिच्या भाषेत स्वागत केलं. आईने नमस्कार केला आणि उजवा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. जपाला बसल्यासारखी.

म्हातारा उठला. जाळीपाशी गेला. पाच शिंका. कळप पांगला.

थोड्या वेळाने तो पुन्हा उठला. या वेळी चौघं आले. सात. परत पांगले. प्रमुख मादी जागची हललीसुद्धा नाही, एक कान तेवढा वळला.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, वही मिटली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मला त्याचा अर्थ कळला. ते वळले, तोच आईने बसल्याबसल्या तळहात वर केला.

"थांबा हो," ती शुद्ध मराठीत म्हणाली. "बसा दोन मिनिटं."

चौकोन-बाण कोळून प्यायलेला तो माणूस आईशेजारी बसला. आईने पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. ते निमूटपणे प्यायले.

म्हातारा तिसऱ्यांदा उठला. त्याचे मागचे पाय थरथरत होते. जाळीला नाक लावून त्याने बारीक चिवचिवाट केला, कुत्र्याचा नव्हे, पाखराचा वाटावा असा. तरुण आले. माना खाली गेल्या. फट्. फट्. आईचा अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. "आठ," ती पुटपुटली. "नऊ." मग शांतता. माझ्या नाकात हुळहुळत होतं; मी ते चिमटीत धरलं. "दहा... अकरा."

प्रमुख मादी उठली. अंग ताणलं आणि कुंपणाच्या कडेने निघाली. तिच्यामागे सगळा कळप निघाला, आणि जाळीच्या अलीकडून, त्यांच्या बरोबरीने, लटपटत म्हातारा.

"उघडा," अधिकारी म्हणाले.

देखभालवालीने दार सरकवलं आणि पाण्याचा पाइप हातात तयार धरला. त्याची गरज पडली नाही. म्हातारा आत शिरून पोट दाखवत आडवा झाला. कळप त्याच्याभोवती गोळा झाला. हुंगाहुंगी झाली, चिवचिवाट झाला. मग एका तरुण नराने पोटातलं मांस ओकून त्याच्या तोंडापुढे टाकलं.

"शी," आई म्हणाली. मग लगेच, "अगं, भरवतोय त्याला." तिने शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि वारा फार आहे म्हणाली. वारा नव्हता.

मी दवाखान्यात जाऊन काढून ठेवलेली इंजेक्शनची बाटली कपाटात परत ठेवली आणि कुलूप लावलं. ती मतं होती की नाकात गेलेली धूळ, ते मला अजूनही माहीत नाही.

सोमवारी दाराशी मला शिंक आली. सवयीने मी खुर्चीकडे वळले. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "म्हातारा जेवला का, तेवढं कळव."