एक बटण दाबलं की जाईल असा मेल

माझा पहिला मेल अडीच पानांचा होता. चार वर्षं एकाच खोलीत राहिलेल्या मित्राला लिहायचं म्हटल्यावर हात कशाला आखडता घ्यायचा? त्याच्या कंपनीत टेस्टिंगची जागा निघाली होती. त्या मेलात माझा रेझ्युमे जोडलेला होता, पण त्याच्याआधी आईचे गुडघे, आमच्या गावी देऊळघाटला नवीन झालेला रस्ता, आणि नांदुऱ्यात संध्याकाळी सहानंतर बोलायला माणूस मिळत नाही, हे सगळं होतं. जागेचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत.

मी तेव्हा नांदुऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. बरोबरीचे सगळे पुण्याला गेले होते. क्लास सुटला की खोलीवर यायचं, खिचडी टाकायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. आठवडा आठवडा माझं स्वतःचं असं एक वाक्य तोंडातून निघत नसे. त्या नोकरीची मला गरज होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तो मित्र हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"हे कसं फॉरवर्ड करू बे मी? एचआरच्या बाईले तुह्या आईचे गुडघे दाखवू का?"

मी हसलो. तोही हसला. मग त्याने मास्तरासारखं समजावलं. "माह्यासाठी लिहू नको. माह्या पुढच्या माणसासाठी लिही. मी दिवसभर मीटिंगमधी राह्यतो, एक बटन दाबलं का मेल गेला पाह्यजे. विषयात जागेचं नाव अन् तिचा नंबर टाक. खाली चार ओळी, तू काय काम केलं अन् या जागेले काऊन चालतो. रेझ्युमे पीडीएफ, फाइलले तुह्यं नाव दे, नुसतं 'फायनल दोन' नको. अन् पोर्टलवर सोता अर्ज करू नको आधी. तुह्यं नाव तिथं पहिलेच दिसलं त माह्या शिफारशीले काही अर्थ नाही राह्यत."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं येगळ्या मेलात लिही ना. वाचतो मी."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासच्याच मशीनवर बसून मी नवा मेल केला. विषय, नंबर, चार ओळी. इतका कोरडा की माझा मलाच परका वाटला. कुठल्या कॉलेजातून, कुठलं काम, किती दिवसांत रुजू होऊ शकतो. पाचवी ओळ मात्र अडली. शिफारस करणाऱ्याची आणि उमेदवाराची ओळख कशी, हे लिहायला हवं असं मला वाटलं. 'मित्र' लिहावं की 'जवळचा मित्र'? की 'याला कावीळ झाली तेव्हा हा महिनाभर आमच्या घरी होता आणि माझ्या आईने याला उसाचा रस पाजला'? शेवटी मी तिथे टिंबं टिंबं ठेवली आणि पुढे कंसात लिहिलं, हे तू भर. मला बघायचं होतं तो काय भरतो. हा माझा आगाऊपणा. शिफारशीच्या मेलात मी त्याची परीक्षा घेत होतो.

त्याने बटण दाबलं. मेल गेला, टिंबांसकट आणि कंसासकट.

एचआरच्या बाईंचं उत्तर आम्हा दोघांना आलं. रेझ्युमे मिळाला, पाचवी ओळ अपुरी दिसते, आणि नुसता मेल चालत नाही, कंपनीच्या आतल्या रेफरलच्या फॉर्मवर नोंद करावी लागेल. जागा शुक्रवारी बंद होते आहे. मी लाजेने अर्धमेला झालो. त्याला फोन लावला तर उचलला नाही. बुधवार गेला, गुरुवारही गेला. शुक्रवारी चार वाजता कंपनीच्या यंत्रणेकडून आपोआप निघणारा मेल मला आला. तुमची शिफारस झाली आहे, शिफारस करणाऱ्याचं नाव अमुक, तुमच्याशी नातं: सहाध्यायी.

सहाध्यायी! आमच्या वर्गात साठ जण होते. साठही सहाध्यायी. एका ताटात जेवलेला मी त्या साठांतला एक झालो. माझं डोकं फिरलं. आमच्या घराण्यातच हा रोग आहे, एकदा फुगलो की फुगलो.

नोकरी मिळाली. नागपूरच्या ऑफिसला. त्याला मी आभाराचा मेल पाठवला तो चार ओळींचा, कोणालाही फॉरवर्ड करता येईल असा. त्याचा फोन आला, "काय बे, कलेक्टरले लिहून राह्यला का?" मी म्हणालो, कामात आहे. तो पुढेही दोनदा फोन करून थकला. वर्गाच्या ग्रुपवर त्याने एकदा माझी थट्टा केली, तर मी ग्रुपच सोडला. नंतर कुणाकडून तरी कानावर आलं की तो कंपनी सोडून बाहेरदेशी गेला. मी म्हटलं, जाऊ दे.

सहा वर्षं झाली. परवा नांदुऱ्याच्या क्लासमध्ये माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंचा मेल आला. एकटेपणाच्या त्या दिवसांत त्याच मला डब्यातली अर्धी भाकरी द्यायच्या. मेल अगदी नेटका, विषयात आमच्या कंपनीतल्या जागेचा नंबर, चार ओळी, पीडीएफ. मी पहिल्यांदाच रेफरलचा तो फॉर्म उघडला.

'उमेदवाराशी नातं' या रकान्यात टाइप करताच येत नव्हतं. यादीतून निवडायचं होतं. पूर्वीचा सहकारी, सहाध्यायी, नातेवाईक, इतर. मी ती यादी तीनदा खालीवर केली. 'मित्र' नव्हताच तिच्यात.

खाली एक चौकोन होता, आणखी काही सांगायचं असल्यास. त्याच्याखाली बारीक अक्षरात, हा मजकूर फक्त भरती विभागाला दिसेल. म्हणजे उमेदवाराला कधीच नाही. त्या शुक्रवारी त्याने या चौकोनात काही लिहिलं होतं का? लिहिलं असलं तर काय? हे मला आता कुठूनही कळणार नाही.

त्याचा जुना नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, म्हणे. कंपनीच्या त्याच्या पत्त्यावर वेड्यासारखा एक लांबलचक मेल लिहिला, आईच्या गुडघ्यांसकट. मिनिटभरात परत आला.

मग फॉर्ममध्ये 'पूर्वीचा सहकारी' निवडलं, चौकोनात भाकरीचं सोडून बाकी सगळं लिहिलं, आणि पाठवण्याआधी बाईंना फोन केला.

"तुम्हाला एक मेल येईल. त्यात माझं नातं नुसतं सहकारी असं दिसेल. वाईट वाटून घेऊ नका."

त्या हसल्या. "काऊन वाईट वाटीन हो? यादीत जे असते तेच टिचकावा लागते ना."

हो म्हणालो आणि फोन ठेवला.